मिरगाचा वास लागलेला रोहू

तिवसा हे गाव नागपूर-अमरावती महामार्गावर. समुद्र इथून रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे आमच्या बाजारात मासोई म्हटली की ती गोड्या पाण्याचीच. तिथं मासे विकायला बसणाऱ्या मावशींचं एक वाक्य ठरलेलं असतं. गिऱ्हाईक टोपल्यापाशी थांबलं की ते आलंच : "घ्या भाऊ, धरनाची हाय, तयातली नाही!" शेजारी थर्माकोलच्या पेटीत बर्फात रचलेले रोहू असतात. तेही एकसारखे, जणू साच्यातून काढलेले. ते आंध्रातून ट्रकनं आलेले असतात, हे मावशी लपवत नाहीत. फक्त त्यांच्याकडे बोट करताना आवाज जरा खाली जातो.

सिंभोऱ्याचं धरण, म्हणजे मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, आमच्या वरच्या अंगाला आहे. तिथून खाली आलेली वर्धा कौंडण्यपूरला आमच्या तालुक्याला वळसा घालते. त्या पाण्यातला मासा तो खरा, मोकळा, रानचा. तळ्यातला तो पोसलेला, ढेप खाऊन फुगलेला. मीही असंच मानत आलो. मग एका उन्हाळ्यात मी दोन्ही रोहू एकाच दिवशी विकत घेतले. सव्वा-सव्वा किलोचे, एक टोपल्यातला आणि एक पेटीतला. दोन्ही घरी आणून शेजारी-शेजारी चिरले. त्या दिवसापासून मावशींचं वाक्य मला पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

आधी जन्माची गोष्ट, कारण पहिला धक्का तिथंच बसतो.

रोहू, कटला आणि मृगळ ही तिघं आपल्या बाजारातली मुख्य मंडळी. ती मुळात उत्तरेकडची, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली मानली जातात. वर्धा जाते गोदावरीच्या खोऱ्यात, आणि तिथं हे मासे माणसानं आणून सोडले. म्हणजे आपल्या नदीतला 'देशी' रोहूही तसा पाहुणाच. आणखी एक अडचण अशी की या तिघांना साचलेल्या पाण्यात पिल्लं होत नाहीत. तळ्यात मादीच्या पोटात अंडी भरतात, पण ती सोडत नाही. तिला पुराचं वाहतं, गढूळ, थंड झालेलं पाणी लागतं. पहिल्या पुरासोबत मासे उलटे वर चढतात, त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. ते सगळं धावणं याचसाठी असतं.

मग तळ्यांत लाखो रोहू येतात कुठून? शतकानुशतकं त्याचं उत्तर एकच होतं. पुरात नदीवर जायचं, बारीक जाळ्यानं पिल्लं गोळा करायची आणि मडक्यांत भरून तळ्यांवर न्यायची. त्यात कुठल्या माशाची पिल्लं आली हे कोणालाच सांगता येत नसे. रोहूसोबत रोहूला खाणारेही येत. ही कोंडी फुटली 10 जुलै 1957 रोजी, ओडिशातल्या अंगुलला. डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एका माशाच्या डोक्यातून काढली, तिचा अर्क केला आणि तो दुसऱ्या माशाला टोचला. पूर आलेला नसताना पूर आल्याची बातमी त्यांनी माशाच्या रक्तात पोचवली. मादीनं अंडी सोडली. म्हणूनच आपल्याकडे 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस असतो.

आज तीच युक्ती गोल टाक्यांत चालते. हॅचरीवाले तिला चायनीज हॅचरी म्हणतात. संध्याकाळी मादीला आणि नराला इंजेक्शन देतात. आता बहुतेक ठिकाणी ग्रंथीऐवजी तयार संप्रेरकाची बाटली असते. मग त्यांना गोल टाकीत सोडून पाणी फिरतं ठेवतात. मासा गोल-गोल पोहतो आणि त्याला वाटतं आपण नदीतून वर चाललो. काही तासांत अंडी पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातून सुईच्या टोकाएवढे जीव बाहेर येतात. त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे, मुठीत घेतले तर जिऱ्यासारखेच दिसतात. ते वाढून बोटाएवढे झाले की बोटुकली.

मावशींच्या टोपल्याशी या सगळ्याचा संबंध असा. ही बोटुकली तळ्यात जाते, तशीच ती धरणातही जाते. राज्यातले जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना आणि ठेकेदारांना मासेमारीसाठी दिले जातात, आणि दरवर्षी त्यात मत्स्यबीज सोडणं हा त्या व्यवहाराचा भाग असतो. धरणात मरळ, वाम, शिवडा असे शिकारी मासे असतात. त्यांच्या तोंडात बीज जाऊ नये म्हणून बोटभर लांबीचं सोडावं लागतं. म्हणजे टोपल्यातला धरणाचा रोहू आणि पेटीतला आंध्राचा रोहू हे दोघंही बहुधा इंजेक्शन घेतलेल्या आयांचीच लेकरं. शक्यता अशीही आहे की ती एकाच गोल टाकीत जन्मली. एकाला रानात सोडलं, दुसऱ्याला गोठ्यात बांधलं, एवढाच फरक.

पण 'एवढाच' म्हणालो तो फरक मोठा आहे. माझ्या पाटावर चिरलेल्या दोन पोटांत तो डोळ्यांनी दिसत होता.

आंध्राचा रोहू उघडला तेव्हा आतड्याभोवती पांढरट पिवळी चरबी होती, लोण्याच्या वड्या मांडल्यासारखी. पोटाचा पडदाही जाड आणि मऊ. धरणाच्या रोहूच्या पोटात चरबी जवळपास नव्हतीच. आतडं लांबच लांब, गुंडाळलेलं, आणि आत हिरवट-काळा गाळ. मासा काय खातो हे त्याच्या आतड्याला विचारावं. मांसाहारी माशाचं आतडं आखूड असतं आणि शेवाळ-पाला खाणाऱ्याचं अंगाच्या कित्येक पट लांब.

धरणात रोहू मधल्या थरात हिंडून पाण्यातलं शेवाळ, सडका पाला आणि बारीक वनस्पती खरवडतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. पुढच्या वेळी बाजारात गेलात तर तिघांची तोंडं शेजारी धरून पाहा. पाण्याचे तीन मजले तिथंच दिसतात. तळ्यात तिघांना एकत्र सोडतात ते याच हिशेबानं, म्हणजे एकाच तळ्यात तीन पिकं आणि एकमेकांच्या ताटात कोणी हात घालत नाही. जुनं चांगलं तळं मासे पोसत नाही, पाणी पोसतं. शेणखत टाकायचं, त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर सूक्ष्म जीव आणि त्यांच्यावर मासे. पाणी तयार झालं की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. हात पाण्यात सरळ खाली घालायचा. कोपरापर्यंत बुडल्यावर तळहात दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. त्याच्या आधीच दिसेनासा झाला तर खत जास्त झालं, आणि कोपर बुडूनही बोटं मोजता आली तर पाणी उपाशी आहे.

शेण आणि शेवाळ यांच्या बळावर मात्र नागपूर, कोलकाता, गुवाहाटी एवढ्या बाजारांची भूक भागत नाही. आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराच्या आसपासच्या पट्ट्यात जे चालतं तो वेगळाच संसार आहे. तिथं तळ्यात बांबू रोवलेले असतात आणि बांबूंना भोकं पाडलेली पोती टांगलेली असतात. पोत्यात तेल काढून घेतलेला भाताचा कोंडा, आणि जोडीला ढेप, शेंगदाण्याची किंवा सरकीची. हो, आपल्या म्हशीला घालतो तीच सरकीची ढेप. रोहू पोत्याच्या भोकांना तोंड लावून ओढतो. गाय कासेला लुचते तसं ते दिसतं, फक्त इथं कास बांबूला टांगलेली असते.

या पट्ट्यातली दुसरी युक्ती मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा खोटी वाटली होती. तिथले शेतकरी बोटुकली विकत घेतल्या-घेतल्या मोठ्या तळ्यात सोडत नाहीत. आधी वर्षभर एका लहान तळ्यात दाटीवाटीनं ठेवतात आणि जेमतेम जगण्यापुरतंच खायला देतात. मासा वयानं वाढतो, अंगानं नाही. शे-दीडशे ग्रॅमवर खुंटलेला, भुकेला, बारका असा तो राहतो. मग त्याला मोकळ्या तळ्यात सोडून पोती टांगली की तो असा वाढतो की वर्षभराची उधारी काही महिन्यांत वसूल करतो. शरीराला दुष्काळाची आठवण असते, त्यामुळे मिळालेला प्रत्येक घास ते अंगी लावून घेतं. कोंड्यात पिठूळपणा भरपूर, आणि माशाला ते सगळं तिथल्या तिथं खर्चायला कुठला प्रवाह नाही की शिकारी नाही. उरलेल्या पिठाची चरबी होते आणि ती आधी पोटात साठते. माझ्या पाटावरच्या लोण्याच्या वड्या म्हणजे भाताचा कोंडा होता.

तरी आकडा पाहिला तर रोहू हा काही चरबीचा मासा नाही. मांसाच्या शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच्या आसपास चरबी, आणि पोसलेल्याच्या पोटाकडच्या तुकड्यात त्याहून जास्त. बंगाल्यांच्या हिलशात शंभराला पंधरा-वीस ग्रॅमपर्यंत जाते. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण 'पाळलेला मासा म्हणजे चरबीचा गोळा' ही समजूत आपल्याकडे परदेशातून आली आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांत सामन मासा शिजतो. तिथं पाळलेल्या अटलांटिक सामनच्या शंभर ग्रॅमला तेराच्या पुढे ग्रॅम चरबी, तर रानच्या सामनला सहाच्या थोडी वर. दुप्पट! पण सामन शिकारी मासा आहे. त्याला पाळायचं तर समुद्रातले लहान मासे दळून, त्यांचं तेल काढून घालावं लागतं. ते महाग झालं तशी खाद्यात वनस्पतीची तेलं वाढली. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा 2006 ते 2015 या काळात पाळलेल्या सामनमधलं ओमेगा-3 निम्म्यावर आलेलं होतं. मासा ओमेगा-3 मुळातून तयार करत नाही, ते शेवाळात बनतं आणि खाण्यातून वर चढतं. जे ताटात नाही ते अंगात कुठून येणार?

आपल्या रोहूलाही हाच नियम लागतो, फक्त सौम्यपणे. धरणाचा रोहू शेवाळावर वाढला म्हणून त्याची चरबी थोडी, पण तिच्यात शेवाळाचा अंश जास्त. कोंडा-ढेपेवर वाढलेल्याची चरबी अधिक, आणि तिची जात आपल्या तेलाच्या बाटलीतल्या चरबीच्या जवळची. दोन्ही खाण्याजोग्या आहेत. औषध म्हणून मासा खाणाऱ्यांनी मात्र हा फरक लक्षात ठेवावा.

आता चव. इथं माझी फजिती झाली.

दोन्ही रोहूंचे पाठीचे तुकडे घेतले. फक्त मीठ-हळद लावून झाकण ठेवून वाफवले. मसाला नाही, तेल नाही. आमच्या वऱ्हाडी मिरचीच्या रश्श्यात कुठलाही मासा सारखाच लागतो, म्हणून ही शिक्षा. घरात चार जणांना चाखायला दिले, कुठला कोणता ते न सांगता. मला खात्री होती की धरणाचाच जिंकणार. आंध्राच्या तुकड्याबद्दल सगळे म्हणाले, मऊ आहे, पाणचट नाही, पण चवही नाही. धरणाच्या तुकड्याला आई पहिलाच घास तोंडात ठेवून म्हणाली, "याले मातीचा वास येते."

होता. मलाही आला. ओल्या गाळाचा, जुन्या माठाचा वास.

या वासाला नाव आहे, जिओस्मिन. ग्रीक शब्दांवरून केलेल्या या नावाचा अर्थच मातीचा वास. मातीतले आणि पाण्यातले काही सूक्ष्म जीव ते तयार करतात, पाण्यात विशेषतः निळं-हिरवं शेवाळ. आणि मजा अशी की मिरगाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या काळ्या जमिनीतून जो वास येतो, ज्यासाठी माणूस काम टाकून दारात येऊन उभा राहतो, त्यातला मुख्य वाटा याच जिओस्मिनचा असतो. कनौजला मातीचं अत्तर काढतात, त्यातही हाच. अत्तरात त्याला पैसे मोजतो, रश्श्यात आला की नाक मुरडतो.

आपलं नाक या वासाला विलक्षण हळवं आहे. लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या एक अब्जांशाचे पाच-दहा भाग असले तरी पुष्कळांना तो कळतो. हिशेब करून पाहिला. वावरातली वीस फूट रुंदीची विहीर आणि तिच्यात वीस फूट पाणी, म्हणजे साधारण पावणेदोन लाख लिटर. एवढ्या पाण्याला मातीचा वास लावायला पावणेदोन मिलिग्रॅम जिओस्मिन पुरे. बारीक मिठाचे वीस-तीस कण!

मासा हे जिओस्मिन खाण्यातून घेतो, पण त्याहून जास्त कल्ल्यांतून. पाणी कल्ल्यांवरून वाहतं, जिओस्मिन रक्तात जातं आणि चरबीत मुरतं. घ्यायला काही तास लागतात, सोडायला दिवस. चरबी जितकी जास्त, तितकं ते जास्त काळ टिकतं. म्हणजे खरं तर पोटात लोणी असलेल्या आंध्राच्या रोहूलाच हा वास अधिक यायला हवा होता, आणि पुष्कळदा येतोही. शेणाचं खत घातलेल्या, हिरव्याकंच तळ्यातल्या माशाला तो हमखास येतो. माझ्या पाटावर उलटं झालं त्याचं कारण महिना. मी मासे घेतले मे महिन्याच्या अखेरीस. धरण आटून खाली गेलं होतं, उरलेलं पाणी तापलेलं आणि काठांवर हिरवी साय. त्या पाण्यात निळं-हिरवं शेवाळ मातलेलं असणार. आंध्राच्या तळ्यात त्या आठवड्यात कदाचित नवं पाणी सोडलं असेल. मोकळा आणि पाळलेला हा भेद जिओस्मिनला कळत नाही. त्याला फक्त पाणी कळतं, आणि तेही गेल्या आठवड्याचं.

अमेरिकेत मिसिसिपीच्या भागात कॅटफिशची मोठी शेती आहे. तिथं कारखान्यात मासा घेण्यापूर्वी नमुन्याचा तुकडा काही न लावता शिजवून एक माणूस हुंगतो आणि चाखतो. वास आला तर तळं तसंच राहतं, शेतकऱ्यानं आणखी काही दिवस थांबायचं. यंत्रं आहेत, तरी शेवटचा शब्द नाकाचा. वास घालवायचा उपाय साधा आहे. मासा जिवंत असताना स्वच्छ वाहत्या पाण्यात काही दिवस उपाशी ठेवायचा. मेल्यावर हा उपाय उरत नाही. मग राहतं आंबट. आम्ल लागलं की जिओस्मिनचा रेणू मोडतो आणि त्याचं जे होतं त्याला वास नसतो. आपल्याकडे रोहूला चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून ठेवतात ते 'वास मारायला'. मी इतकी वर्षं समजत होतो की आंबट चव वासाला झाकते. झाकत नाही, ती त्याला खरोखरच तोडते. दुसऱ्या दिवशी उरलेले धरणाचे तुकडे लिंबू लावून अर्धा तास ठेवले आणि तसेच वाफवले. आई म्हणाली, "आता खाता येते." तिच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

मांसाच्या घट्टपणात मात्र धरणाचा रोहू सरस होता. बोटांनी दाबला तर तुकडा मोडत नव्हता, पाकळ्या सुटत होत्या. आयुष्यभर पोहलेल्या अंगाचा तो फरक आहे. पण त्यालाही एक खोट असते. धरणात जाळं संध्याकाळी लावतात आणि सकाळी काढतात. मासा कल्ल्यांत अडकून रात्रभर धडपडतो आणि धडपडून मरतो. स्नायूंतली साखर संपते, आम्ल साठतं, आणि उन्हाळ्यात त्याच गरम पाण्यात तो कितीतरी तास मेलेला पडून राहतो. तळ्यातला मासा ओढजाळ्यानं एकदम काढतात आणि जिवंत असतानाच बर्फात टाकतात. म्हणून आंध्रातून दोन दिवसांचा प्रवास करून आलेला रोहू कधी-कधी सकाळच्या 'ताज्या' माशापेक्षा ताजा निघतो. पहिल्यापासून नीट बर्फात राहिलेला रोहू दोन आठवड्यांच्या आसपास खाण्याजोगा राहतो. बर्फाविना मेच्या उन्हात तो दुपारही काढत नाही. टोपल्यावर ओलं गोणपाट टाकलं म्हणजे झालं, असं मावशींना वाटतं. त्यांचं हे एक मला पटत नाही.

राहिलं विष. लोक विचारतात ते हेच, आणि पहिला प्रश्न फॉर्मालिनचा असतो. 2018 मध्ये केरळात फॉर्मालिन लावलेला मासा पकडला गेला, गोव्यात गदारोळ झाला, आसामनं बाहेरून येणारा मासा काही दिवस थांबवला. फॉर्मालिन म्हणजे प्रयोगशाळेत बेडूक टिकवायचं पाणी. ते तळ्यातही येत नाही आणि धरणातही नाही. ते येतं वाटेत, बर्फाचे पैसे वाचवायला. त्यामुळे संशय पाळण्यावर नको, अंतरावर असावा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं कागदाच्या पट्टीची चाचणी काढली आहे. पट्टी माशावर घासायची, त्यावर द्रवाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. पट्टी नसेल तर विसंगती शोधावी. डोळे खोल गेलेले, कल्ले फिके, म्हणजे मासा जुना. तरी अंग रबरासारखं ताठ, वास नाही आणि माशी बसत नाही. जुना मासा जुन्यासारखा वागत नसेल तर तो घेऊ नये.

बाकीची विषं दोन घरांत राहतात, आणि हे समजलं की पुष्कळ गोंधळ मिटतो. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं आणि कारखान्यांतली पीसीबी नावाची रसायनं चरबीत राहतात, जिओस्मिनच्याच खोलीत. 2004 मध्ये पाळलेल्या सामनमध्ये पीसीबी रानच्या सामनपेक्षा जास्त सापडली आणि जगभर गाजली. ती आली होती खाद्यातल्या माशांच्या तेलातून. आपला कोंड्यावरचा रोहू त्या साखळीत बसत नाही. तरी शंका असेल तर पोटातली चरबी काढून टाकावी, पोटाचा पडदा कापून वेगळा करावा. वासही कमी होतो आणि ही विषंही.

पारा मात्र चरबीत राहत नाही. गाळातले जीवाणू त्याला ज्या रूपात बदलतात ते मांसाच्या प्रथिनांना चिकटतं. ते कापून निघत नाही, धुऊन जात नाही, शिजवून मरत नाही. ते पायरी-पायरीनं वाढतं : शेवाळात थोडं, त्याला खाणाऱ्यात जास्त, आणि माशाला खाणाऱ्या माशात कितीतरी पट. इथं मावशींचा खरा रानचा मासा, म्हणजे शिवडा, वाम आणि म्हातारी मोठी मरळ, रोहूच्या वरच्या पायरीवर बसतो. वर्ष-दीड वर्षात बाजारात येणारा, कोंडा खाणारा रोहू सगळ्यात खालच्या पायरीवर. पाऱ्यापुरतं बोलायचं तर पोत्याला तोंड लावणारा मासा जास्त निर्धास्त.

तळ्याची स्वतःची दुखणीही आहेत. दाटीत रोहूला अर्गुलस नावाची ऊ लागते, दिसायला चकतीसारखी आणि कातडीला चिकटून रक्त पिणारी. ती मारायला कीटकनाशक टाकतात, आणि औषध टाकल्यावर किती दिवस थांबून मासा काढायचा हे पाळणाऱ्याच्या इमानावर असतं. कपाशीच्या वावरातल्या शेततळ्याची गोष्ट मात्र उलटी. फवाऱ्याचा अंश पाण्यात गेला तर मासे विष साठवत बसत नाहीत, ते सरळ मरतात. कपाशीवर सर्रास मारली जाणारी काही औषधं माणसापेक्षा माशाला कितीतरी जास्त घातक आहेत. फवारणीनंतर सकाळी शेततळ्यावर उताणे पडलेले मासे कोणी स्वस्तात विकायला आणले तर ते उकिरड्यावरही टाकू नयेत, कोंबड्या खातात. खड्डा करून पुरावेत. आणि मांगूर म्हणून जो काळा, भला थोरला, टबमध्ये जिवंत वळवळणारा मासा मिळतो, तो बहुधा आपला मांगूर नसतो. तो आफ्रिकेतून आलेला थाई मांगूर. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, तरी तो कत्तलखान्याच्या घाणीवर चोरून पाळला जातो. त्याच्या अंगात ती घाण उतरते, आणि तो तळ्यातून निसटला तर नदीतलं सगळं खातो.

जून लागला, मिरग निघाला, आणि चार-पाच दिवसांनी पाऊस आला. वावराचा वास सुटला तेव्हा मी अंगणात उभा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वासानं मला रोहू आठवला. पुढच्या बाजाराला मावशींच्या टोपल्यात एक मोठी मादी होती, पोट टच्च फुगलेलं. नदी वर चढायला निघालेली असताना जाळ्यात सापडली असणार. मावशींनी तिला उचलून माझ्यापुढे धरलं.

"घ्या भाऊ, धरनाची हाय. पोटात गाबोई हाय पाहा."

मी विचारलं, "मावशी, हिला पेरलं कोणी होतं माहीत आहे?"

"देवानं पेरलं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, पलीकडच्या पेटीकडे पाहत, "आन थोडं सोसायटीनं."